गरोदरपणातली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन: कुणाला, कधीपासून आणि का (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं बीपी अगदी नॉर्मल आहे. मग डॉक्टरांनी मला अ‍ॅस्पिरिन का लिहून दिली?

बाराव्या-तेराव्या आठवड्यात ही चिठ्ठी हातात पडली की बहुतेकींच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. ही गोळी बीपी कमी करत नाही. ती घेतल्यावर आजचं ११०/७० उद्या १००/६० होणार नाही. पुढे, पाचव्या महिन्यानंतर केव्हातरी, प्री-एक्लाम्पशिया नावाचा आजार होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून ती आत्ता देतात. तो आजार दिसायला लागतो तेव्हा गोळीचा उपयोग होण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून निर्णय आजच्या आकड्यावर होत नाही, तुमच्या पूर्वेतिहासावर होतो. बीपी नॉर्मल असताना गोळी दिली यात काही चुकलेलं नाही. ती द्यायची वेळच ती असते.

प्री-एक्लाम्पशिया म्हणजे वाढलेलं बीपीच ना?

बीपी हे त्याचं दाराशी दिसणारं लक्षण. व्याख्या अशी: आधी बीपी ठीक असलेल्या बाईचं बीपी २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून वर जातं, आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जायला लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट्स, मेंदू, फुप्फुसं यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. बाळाची वाढ खुंटणं हाही याच गोष्टीचा भाग असू शकतो. झटके आले तर त्याला एक्लाम्पशिया म्हणतात.

आजार एकदा सुरू झाला की तो मुळापासून थांबवणारा उपाय एकच: प्रसूती. बीपीच्या गोळ्या आईला पक्षाघातापासून वाचवतात, मॅग्नेशियम सल्फेट झटके टाळतं, पण आजार आतून चालूच राहतो. ३८ व्या आठवड्यात असं झालं तर निर्णय तुलनेने सोपा असतो. २९ व्या आठवड्यात झालं तर आईचा जीव आणि बाळाचे आठवडे यांची ओढाताण सुरू होते. अ‍ॅस्पिरिनचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लवकर येणाऱ्या आजारात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे फायद्याच्या आकड्यांत ते पुन्हा येईल.

डोकेदुखीची गोळी इथे काय काम करते?

गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयात एक मोठं बांधकाम चालू असतं. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या बारीक, पीळदार रोहिण्यांचं रूप पालटतात. अरुंद, आकसू शकणाऱ्या नळ्यांच्या जागी रुंद, सैल नळ्या तयार होतात, म्हणजे बाळाला लागणारं रक्त सावकाश आणि भरपूर येतं. हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत आटोपतं. ते अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं आणि ते झटक्याझटक्याने येतं. त्रासलेली वार मग आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. बीपी वाढतं ते त्यामुळे.

या बिघाडात थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य वाढलेलं सापडतं. ते प्लेटलेट्समधून येतं, रक्तवाहिन्या आकसवतं आणि प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला लावतं. त्याच्या उलट काम करणारं प्रोस्टासायक्लिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतं. अ‍ॅस्पिरिन दोन्ही बनवणारं एन्झाइम बंद पाडते. पण प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती आठ-दहा दिवस जगते आणि तेवढे सगळे दिवस थ्रॉम्बॉक्सेनविना राहते. अस्तरातल्या पेशी मात्र काही तासांत नवं एन्झाइम बनवून कामाला लागतात. म्हणून थोडीशी मात्रा रोज घेतली की थ्रॉम्बॉक्सेन दबतं आणि प्रोस्टासायक्लिन बरंचसं शाबूत राहतं. मात्रा भरपूर वाढवली तर हा तोल जातो. ‘कमी मात्रा’ इथे भीतीपोटी नाही, औषधाच्या कामाचाच तो भाग आहे.

कुणाला ही गोळी देतात?

जोखमीच्या गोष्टींचे दोन गट करतात. पहिल्या गटातली एक जरी गोष्ट असली तरी गोळी सुचवतात: आधीच्या गरोदरपणात प्री-एक्लाम्पशिया झालेला असणं, गरोदरपणाआधीपासूनचं उच्च रक्तदाब, टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, आणि ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारे आजार. जुळं-तिळं असेल तर अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं तेही याच गटात धरतात, ब्रिटिश तत्त्वं दुसऱ्या गटात.

दुसऱ्या गटातली एकटी गोष्ट सहसा पुरत नाही, दोन जमल्या की विचार होतो. पहिलंच गरोदरपण, आईला किंवा सख्ख्या बहिणीला प्री-एक्लाम्पशिया झालेला असणं, मागच्या गरोदरपणानंतर दहा वर्षांहून जास्त अंतर, जास्त वजन, जास्त वय. शेवटच्या दोन बाबतीत रेषा वेगवेगळ्या ठिकाणी आखलेल्या आहेत. अमेरिकेत वय ३५ आणि बीएमआय ३० च्या वर, तर ब्रिटनमध्ये वय ४० आणि बीएमआय ३५. शिवाय आयव्हीएफने राहिलेलं गरोदरपण अमेरिकन यादीत आहे. त्यामुळे एकाच बाईला एका डॉक्टरने ‘घ्या’ आणि दुसऱ्याने ‘गरज नाही’ म्हटलं तर त्यातला एक अडाणी ठरत नाही. ते दोन वेगळ्या याद्या वापरत असण्याची शक्यता जास्त.

तिसरी पद्धत मोजमापाची आहे. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी दोन्ही दंडांवरचं बीपी, गर्भाशयाकडे जाणाऱ्या रोहिणीतला रक्तप्रवाह मोजणारा डॉप्लर आणि आईच्या रक्तातला, वारेतून येणारा पीएलजीएफ हा घटक असं सगळं आईच्या माहितीत मिसळून जोखीम आकड्यात काढतात. ती शंभरात एक किंवा त्याहून जास्त आली तर गोळी. जिथे ही सोय आहे तिथे ती याद्यांपेक्षा नेमकी ठरते, कारण पहिलटकरणींमध्ये इतिहासच नसतो आणि यादी तिथे लंगडी पडते.

यादी सोपी दिसते. मग बायका सुटतात कुठे?

इतिहास विचारण्यात. ‘घरात कुणाला प्री-एक्लाम्पशिया होता का?’ असं विचारलं तर उत्तर जवळपास नेहमी ‘नाही’ येतं, कारण हा शब्दच घरात कुणी वापरत नाही. आई म्हणेल, ‘मला तेव्हा थोडं बीपी होतं, पाय सुजले होते.’ त्याऐवजी विचारायचं असं: तुमच्या किंवा बहिणीच्या वेळी बाळ बीपीमुळे तारखेआधी काढावं लागलं का? झटके आले होते का? लघवीत काही सापडलं म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं होतं का? यातल्या एकाला ‘हो’ आलं की चित्र बदलतं. स्वतःच्या मागच्या बाळंतपणाचा डिस्चार्जचा कागद असेल तर तो पहिल्या भेटीलाच घेऊन जा. आठवणीपेक्षा कागद बरा. ‘पाणी कमी झालं म्हणून सिझेरियन केलं’ एवढंच लक्षात राहिलेलं असतं, आणि कागदावर १६०/११० लिहिलेलं सापडतं.

दुसरी पळवाट बीपीचीच. गरोदरपणात बीपी पहिल्या तीन महिन्यांतच थोडं उतरायला लागतं आणि मधल्या महिन्यांत सगळ्यात खाली असतं. जिला आधीपासून १४०/९० च्या आसपास बीपी आहे आणि ते कधी मोजलंच नाही, तिचं सतराव्या आठवड्यात १२६/८० निघू शकतं. सगळ्यांना वाटतं, ठीक आहे. मग आठव्या महिन्यात ते वर येतं तेव्हा नवा आजार की जुनं बीपी, हा घोळ होतो. म्हणून पहिली भेट लवकर हवी आणि त्या भेटीत बीपी मोजलंच पाहिजे, दंडाला बसेल अशा आकाराचा पट्टा बांधून.

मागे दोन गर्भपात झालेत. म्हणून मला अ‍ॅस्पिरिन द्यावी का?

नुसत्या गर्भपातांसाठी नाही. कारण न सापडलेल्या गर्भपातांत अ‍ॅस्पिरिनने पुढचा गर्भ टिकतो असं दिसलेलं नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिनची इंजेक्शनंही देतात आणि सुरुवात बरीच आधी होते. त्या निदानासाठी रक्ताची तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. मूल राहावं म्हणून किंवा ‘रक्त पातळ राहिलेलं बरं’ म्हणून सरसकट दिलेली अ‍ॅस्पिरिन हा वेगळा विषय आहे, आणि मला ती सवय आवडत नाही.

बाराव्या आठवड्यापासूनच का? आधी का नको, नंतर का नको?

नंतर का नको, याचं उत्तर रोहिण्यांच्या बांधकामात आहे. ते चालू असताना औषध पोहोचायला हवं. म्हणून १२ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि शक्यतो १६ व्या आठवड्याच्या आत सुरू करतात. आधी का नको, याचं कारण जरा साधं आहे: सगळ्यात भक्कम अभ्यास याच काळात सुरुवात करून झालेत, आणि बाळाचे अवयव घडण्याच्या काळात गरज नसलेलं औषध टाळणं ही जुनी रीत आहे. लवकर घेतली तर काही भयंकर होतं असं मात्र नाही. भारतासह सहा देशांतल्या सुमारे १२ हजार पहिलटकरणींवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू केली होती. दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्रसूती तिथे १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या. तेव्हा दुसऱ्या कारणासाठी तुम्ही आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेत असाल आणि दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

एखादं उदाहरण घेऊन तारखा कशा मोजतात ते सांगाल का?

एक बाई धरू. वय ३१, पहिलंच गरोदरपण, एकच बाळ, बीपी ११२/७०, बीएमआय २७, मधुमेह नाही. पहिल्या भेटीत ती म्हणाली, घरात कुणाला काही नाही. पुन्हा नीट विचारल्यावर कळलं की थोरल्या बहिणीचं बाळ बीपीमुळे आठव्या महिन्यात काढावं लागलं होतं आणि लघवीतून प्रथिनं जात होती. म्हणजे दुसऱ्या गटातल्या दोन गोष्टी झाल्या: पहिलटकरीण आणि बहिणीचा इतिहास. गोळी सुचवायला तेवढं पुरेसं आहे.

शेवटची पाळी १ जानेवारीला सुरू झाली. त्या हिशेबाने २६ मार्चला १२ आठवडे पूर्ण. पण तिची पाळी दर चाळीस दिवसांनी येते, म्हणजे गर्भ उशिरा राहिलेला असणार. २६ मार्चच्या सोनोग्राफीत बाळाची लांबी १० आठवडे ४ दिवसांची निघाली. फरक दहा दिवसांचा. या टप्प्यावर सात दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. तेव्हा खरे १२ आठवडे ५ एप्रिलला पूर्ण होतात, १६ आठवडे ३ मे रोजी, ३६ आठवडे २० सप्टेंबरला, आणि प्रसूतीची अंदाजे तारीख ८ ऑक्टोबरऐवजी १८ ऑक्टोबर येते.

गोळी ५ एप्रिलच्या रात्री सुरू करायची असं कागदावर तारखेनिशी लिहून दिलं. ‘पुढच्या महिन्यात सुरू करू’ असं तोंडी सांगितलं असतं तर पुढची भेट लांबून ती मेच्या मध्यावर पोहोचली असती, म्हणजे सोळावा आठवडा उलटून. बहुतेक उशीर असाच होतो. कुणी नकार देत नाही, तारीख फक्त घसरत जाते.

मला आता १९ वा आठवडा आहे. उशीर झाला का?

उत्तम वेळ गेली, पण दार बंद झालेलं नाही. अमेरिकन तत्त्वं २८ आठवड्यांपर्यंत सुरू करायला मुभा देतात. १६ आठवड्यांनंतर फायदा किती उरतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही एकत्रित विश्लेषणांत तो जवळजवळ नाहीसा झाला. एकेका बाईची मूळ माहिती घेऊन केलेल्या दुसऱ्या विश्लेषणात आधी आणि नंतर यांत फारसा फरक दिसला नाही. मागच्या वेळी ३० व्या आठवड्यात आजार झालेली बाई १९ व्या आठवड्यात आली तर मी असते तर तिला गोळी दिली असती. दुसऱ्या गटातल्या दोन हलक्या गोष्टी घेऊन कुणी २६ व्या आठवड्यात आली, तर गोळीपेक्षा बीपीच्या वारंवार तपासणीवर भर दिला असता.

७५, ८१, १००, १५०: नक्की किती मिलिग्रॅम?

जागतिक आरोग्य संघटना ७५ म्हणते, अमेरिका ८१, ब्रिटन ७५ ते १५०, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना फिगो १५०. यातला ८१ हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. तिथे लहान गोळी तेवढ्याची मिळते, इतकंच. पण ६० आणि १५० यांतला फरक खरा आहे. १९९४ साली क्लास्प नावाच्या चाचणीत ९ हजारांहून जास्त बायकांना ६० मिलिग्रॅम दिली, अनेकींना बरीच उशिरा, अगदी ३२ आठवड्यांपर्यंत. आजार ७.६ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आला, म्हणजे योगायोगाने पडू शकेल इतकाच फरक. त्या निकालानंतर बऱ्याच डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनचा नाद सोडला. ‘आमच्या वेळी असलं काही देत नव्हते’ असं एखादे जुने डॉक्टर म्हणत असतील तर त्यामागे ही चाचणी असू शकते.

२०१७ साली आस्प्रे चाचणीने मात्रा १५० केली, सुरुवात ११ ते १४ आठवड्यांत आणली, आणि मोजमापाने जोखीम जास्त निघालेल्या बायकाच घेतल्या. तिथे निकाल ठळक आला. वजन ४० किलोपेक्षा कमी असेल तर फिगो १०० मिलिग्रॅम सुचवते. तुमच्या कागदावर ७५ लिहिलेलं असेल तर स्वतःच दोन गोळ्या करू नका. आधी विचारा, कारण डॉक्टरांनी काही पाहून ती मात्रा ठरवलेली असू शकते.

दुकानातून घेताना काय पाहायचं?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिनच्या जोडगोळ्या मिळतात, एकीत क्लोपिडोग्रेल, दुसरीत कोलेस्टेरॉलचं औषध. नावं जवळपास सारखी, फक्त शेवटी एखादं अक्षर वाढलेलं. पाकिटाच्या मागे औषधाचे घटक वाचा. तिथे अ‍ॅस्पिरिन हे एकच नाव आणि लिहून दिलेलेच मिलिग्रॅम असायला हवेत. घरात कुणाच्या हृदयाच्या गोळ्या पडल्या आहेत म्हणून त्यातली घेऊ नका.

रात्रीच का घ्यायची? विसरले तर?

आस्प्रे चाचणीत रात्री दिली होती. त्याआधीच्या एका स्पॅनिश अभ्यासात झोपताना घेतल्यावर परिणाम सकाळपेक्षा चांगला दिसला होता. रात्र चुकली म्हणून औषध वाया जात नाही. तुमच्या सवयीला सकाळ बसत असेल आणि रात्री रोज राहून जात असेल तर सकाळी घेतलेली बरी. पोटात जळजळ होत असेल तर जेवणानंतर घ्या.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. प्लेटलेट्स आठ-दहा दिवस जगतात, त्यामुळे एका दिवसात थोड्याच नव्या, औषध न लागलेल्या प्लेटलेट्स येतात. आठवड्यातून तीन दिवस चुकायला लागले की मात्र हिशेब बिघडतो. आस्प्रेमध्ये ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या खरोखर घेतल्या त्यांच्यात फायदा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता.

आणि आयब्युप्रोफेन नको. एक तर गरोदरपणात ती टाळायचीच असते. शिवाय ती आधी जाऊन बसली तर अ‍ॅस्पिरिनला प्लेटलेटमधल्या आपल्या जागी पोहोचता येत नाही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. विसाव्या आठवड्यानंतर डोकं जोरात दुखायला लागलं आणि थांबेना, तर गोळीआधी बीपी मोजून घ्या.

खरा फायदा किती?

आस्प्रेच्या आकड्यांनी सांगते. जोखीम जास्त असलेल्या हजार बायका घ्या. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेतलेल्या हजारांपैकी ४३ जणींना ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लाम्पशिया झाला. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या हजारांत १६. म्हणजे हजारांत २७ जणी वाचल्या, साधारण ३७ जणींनी गोळी घेतली की एकीचा आजार टळला.

यातून दोन गोष्टी निघतात. गोळी घेऊनही १६ जणींना आजार झालाच, म्हणजे ही ढाल आहे, कवच नाही. आणि बहुतेकींना तो गोळीशिवायही झाला नसता. ३७ आठवड्यांनंतरच्या आजारावर या चाचणीत ठोस परिणाम दिसला नाही. म्हणून ३९ व्या आठवड्यात बीपी वाढलं तर ‘सहा महिने गोळी घेऊन काय उपयोग झाला’ असं वाटणं साहजिक आहे, पण गोळीकडून ती अपेक्षाच नव्हती.

रक्तस्राव होईल का? बाळाला काही?

बाळात व्यंग, मेंदूत रक्तस्राव किंवा हृदयाची नळी आधीच बंद होणं असे धोके या मात्रेत वाढलेले दिसलेले नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळण्याचा इशारा दिला, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालची ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन मुद्दाम वगळली होती. बातमी वाचून कुणी घरी धास्तावलं असेल तर हे त्यांना दाखवा.

आईच्या रक्तस्रावाचं उत्तर इतकं गुळगुळीत नाही. चाचण्यांत मोठी वाढ दिसली नाही. पण स्वीडनमधल्या नोंदींच्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १०.२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.८ टक्के होतं. गोळी घेणाऱ्या मुळातच जास्त जोखमीच्या असतात, तरी तो फरक हिशेबात घेऊनही थोडी वाढ उरली. माझ्या मते यावरून निघतं ते असं की गोळी सगळ्यांना सरसकट वाटू नये. जिची जोखीम खरोखर जास्त आहे तिच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड राहतं.

कळांच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायला या मात्रेची आडकाठी नसते. गोळी चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना सांगा म्हणजे झालं.

कुणी घेऊ नये?

अ‍ॅस्पिरिनने किंवा तशाच वेदनाशामक गोळीने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम्याचा झटका आला असेल त्यांनी. दमा असून नाकात मांसल गाठीही असतील तर हे मुद्दाम सांगा, त्या जोडीत अ‍ॅस्पिरिन धोक्याची ठरू शकते. पोटात चालू असलेला अल्सर, नुकताच झालेला आतड्यातला रक्तस्राव, रक्त न गोठण्याचा आजार, यकृताचा गंभीर आजार या बाकीच्या अडचणी. साधा दमा, ज्यात पूर्वी वेदनाशामक गोळ्या बिनत्रास चालल्यात, तो आड येत नाही. गोळी चालू असताना अंगावरून रक्त गेलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बंद कधी करायची?

आस्प्रेमध्ये ३६ व्या आठवड्यात थांबवली होती आणि फिगो तेच सांगते. ब्रिटन आणि अमेरिका प्रसूतीपर्यंत चालू ठेवायला सांगतात. दोन्ही चालतं, तुमच्या कागदावर कुठलं लिहिलंय ते पाहा आणि तारीख टाकून घ्या. २०२३ च्या एका स्पॅनिश चाचणीत २४ ते २८ आठवड्यांत रक्ताची खास तपासणी ठीक आलेल्या बायकांची गोळी तिथेच थांबवली आणि त्यांचं काही बिघडलं नाही. पण ते त्या तपासणीच्या आधारावर होतं. ‘आता बरं वाटतंय’ या आधारावर मधेच सोडू नका, कारण बरं वाटणं हे या गोळीचं मोजमाप कधीच नव्हतं.

गोळी चालू आहे. मग बीपीच्या तपासण्या थोड्या कमी केल्या तर चालेल?

नाही. जिला गोळी दिली तीच तर जास्त जोखमीची आहे, तिच्या तपासण्या इतरांपेक्षा जास्तच हव्यात. जोरात, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, बरगड्यांखाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. बीपी १६०/११० किंवा त्याहून वर असेल तर तासाभरात उपचार सुरू व्हायला हवेत. पोटातलं दुखणं अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देण्याची चूक गोळी घेणाऱ्यांकडून सहज होऊ शकते, कारण ‘अ‍ॅस्पिरिनने जळजळ होतेच’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. जळजळ जेवणाशी आणि गोळीशी जोडलेली असते आणि छातीत मधोमध जाणवते. यकृताचं दुखणं बरगडीखाली दाबल्यासारखं सलग राहतं, सोबत मळमळ असते, आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधाने उतरत नाही. फरक कळत नसेल तर बीपी मोजा आणि रक्त-लघवीची तपासणी करून घ्या.